लेकीच्या कॉलेजसाठी सोनं: किती, कशात आणि मोडायचं कधी

गेल्या महिन्यात सांगलीला मावसबहिणीकडे जेवायला गेलो होतो. ताटं उचलल्यावर तिने आतून स्टीलचा एक डबा आणून माझ्यासमोर ठेवला. आत सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळलेली वेढणी, दोन-तीन नाणी आणि तिच्या आजीची बोरमाळ. लेक आता चौथीत जाईल, २०३५ मध्ये कॉलेजात. "दादा, दर महिन्याला आठ हजार टाकता येतील. सगळं सोन्यातच टाकायचं ठरवलंय. ईटीएफ घेऊ, का आपली गुरुपुष्यामृताला वेढणीच बरी?"

मी लोकांची आयकर विवरणपत्रं भरतो, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी येतो आणि नेहमी असाच येतो: कशात घेऊ? खरं तर तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की या फीच्या पैशातला किती भाग सोन्यात असलेला चालेल. त्याचं उत्तर सोन्याचा भाव पुढे काय होईल यावर अवलंबून नाही. घरात कमी पडलेले पैसे ऐनवेळी कुठून उभे करता येतील, यावर आहे.

तिचा नवरा म्हणाला, "पण सोनं कुठे खाली येतं?" आपल्याकडे बहुतेकांना असंच वाटतं, आणि २०२४-२५ ची दोन वर्षं पाहिलेल्याला तसं वाटणारच, त्या दोन वर्षांत भाव दुपटीच्या वर गेला. म्हणून आधी मागचा एक काळ बघू.

२०१२ च्या अखेरीस दहा ग्रॅम सोनं एकतीस हजारांच्या आसपास होतं. २०१५ मध्ये ते पंचवीस हजारांपर्यंत उतरलं. २०१६ मध्ये एकदा जुन्या भावाला टेकून आलं, परत घसरलं, आणि खऱ्या अर्थाने वर सुटलं ते २०१९ मध्ये. म्हणजे ज्या आईबापांनी २०१२ मध्ये "एवढ्या ग्रॅममध्ये इंजिनीअरिंग निघेल" असा हिशेब मांडला होता आणि ज्यांचं मूल २०१५ ला बारावी झालं, त्यांच्याकडे ग्रॅम तेवढेच होते, पण पैसे जवळपास एक पंचमांश कमी. फी दरम्यान वाढलेलीच. अजून चार वर्षं थांबले असते तर सगळं भरून आलं असतं, पण प्रवेशफेरीत जागा मिळाल्यावर फी भरायला हातात मोजके दिवस असतात, वर्षं नव्हे.

यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. आपल्याकडचा सोन्याचा भाव तीन गोष्टींनी बनतो. एक, जगाच्या बाजारातला डॉलरमधला भाव, जो औंसाला, म्हणजे सुमारे ३१.१ ग्रॅमला सांगतात. दोन, एका डॉलरला किती रुपये मोजावे लागतात ते, कारण सोनं जवळजवळ सगळं बाहेरून येतं. आणि तीन, सरकार लावतं ते आयात शुल्क. सप्टेंबर २०११ मध्ये जगात औंसाचा भाव १,९०० डॉलरच्या घरात होता. डिसेंबर २०१५ मध्ये तो १,०५० च्या आसपास आला. म्हणजे जगात सोनं पंचेचाळीस टक्के पडलं होतं! आपल्याला त्याची झळ एवढी कमी लागली, कारण त्याच काळात डॉलर अठ्ठेचाळीस रुपयांवरून सहासष्टवर गेला आणि आयात शुल्क दोन टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने दहा टक्के झालं. रुपया पडला आणि कर वाढला, म्हणून आपलं सोनं वाचलं.

हे दोन्ही टेकू प्रत्येक वेळी मिळतीलच असं नाही. शुल्क उलटही फिरतं. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते पंधरा टक्क्यांवरून सहावर आणलं, तेव्हा एका दिवसात दहा ग्रॅममागे काही हजारांनी भाव उतरला. जगात त्या दिवशी काहीच झालेलं नव्हतं.

म्हणून मी फीच्या हिशेबात वाईट घसरण तीस टक्के धरतो. आपल्याकडे त्या वेळी दिसलेल्या वीसपेक्षा जास्त, जगात दिसलेल्या पंचेचाळीसपेक्षा कमी. हा काही शास्त्रातला आकडा नाही. कुणाला तो पस्तीस धरावासा वाटला तर माझी हरकत नाही. दहा धरला तर आहे.

याच तीन घटकांमुळे सोन्याची एक बाजू भक्कमही ठरते. मुलाला बाहेरदेशी शिकायला पाठवायचं असेल तर फी डॉलर किंवा युरोत असते, आणि रुपया घसरला की ती आपोआप महागते. सोनंही रुपया घसरला की वर जातं. म्हणजे फी ज्या कारणाने वाढते, त्यातल्या एका कारणाने सोनंही वाढतं. पुण्यातल्या कॉलेजच्या फीचा आणि डॉलरचा असा काही संबंध नाही. परदेशाचा बेत पक्का असेल तर सोन्याचा वाटा थोडा मोठा ठेवायला मी तयार होतो; बहिणीच्या घरी तसा बेत नव्हता.

मग आम्ही वहीचं मागचं पान उघडलं. चार वर्षांचं इंजिनीअरिंग, होस्टेल आणि खाणावळ धरून आज दहा लाख होतील असं त्यांनी पकडलं होतं. फी वर्षाला आठ टक्क्यांनी वाढेल असं धरलं तर नऊ वर्षांनी ते बरोबर दुप्पट होतात, म्हणजे वीस लाख. ते एकदम लागत नाहीत. चार वर्षांत पाच-पाच लाख लागतात. हे पुढे उपयोगी पडणार आहे.

हातात काय आहे? वेढणी चौदा ग्रॅम आणि नाणी सहा ग्रॅम, एकूण वीस. भाव रोज बदलतो, म्हणून हिशेबापुरता दहा ग्रॅमला दीड लाख धरला. म्हणजे आजचे तीन लाख. बोरमाळ मी बाजूला ठेवायला सांगितली, तिच्याकडे नंतर येतो. शिवाय महिन्याचे आठ हजार. ते रिकरिंग, एफडी आणि थोडे शेअर बाजाराच्या इंडेक्स फंडात गेले आणि सरासरी साडेसात टक्के मिळाले, तर नऊ वर्षांत सव्वाबारा लाखांच्या पुढे जातात. वीस ग्रॅम सोन्यालाही तोच दर लावला तर ते पावणेसहा लाख होतं. बेरीज अठरा. सगळं ठरल्यासारखं झालं तरी दोन लाख कमी.

आता खरा प्रश्न. मी विचारलं, "ऐनवेळी कमी पडले तर जास्तीत जास्त किती उभे कराल? घर गहाण न टाकता, दुकानातला माल न मोडता, कुणाच्या पाया न पडता." दोघं थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी ठरलं चार लाख. एवढं शैक्षणिक कर्ज बँका साधारणपणे तारणाशिवाय देतात, आई किंवा वडील सहकर्जदार असले की झालं, आणि एवढा हप्ता लेक नोकरीला लागल्यावर फेडू शकेल असं दोघांना वाटत होतं.

या चारातले दोन लाख तर सरळ हिशेबातच संपलेत. उरले दोन. सोन्याने दगा दिला तर झेपेल अशी तूट एवढीच. आता भागाकार सोपा आहे: झेपणारी तूट दोन लाख, वाईट घसरण तीस टक्के, दोन लाखांना तीस टक्क्यांनी भागलं की येतात सहा लाख सहासष्ट हजार. फीची वेळ येईल तेव्हा सोन्यात यापेक्षा जास्त रक्कम असता कामा नये. तिच्या डब्यातलं सोनं तेव्हा पावणेसहा लाखांचं असेल असा अंदाज आहे. म्हणजे जागा जवळजवळ भरलेलीच आहे.

तिने विचारलं होतं नवं सोनं कशात घेऊ, आणि वहीतून उत्तर आलं की नवं घेऊच नको. तिचा चेहरा उतरला. मग मी उलटा हिशेबही करून दाखवला. आठ हजार सगळे सोन्यात टाकले, तेवढेच वाढले, तर शेवटी अठराच्या अठरा लाख सोन्यात. तीस टक्के घसरण म्हणजे पाच लाख चाळीस हजार गेले. त्यात आधीचे दोन मिळवले की कर्ज साडेसात लाखांच्या जवळ. हे घर चार लाख पेलतं. साडेसात नाही. तोच भाव, तीच घसरण, पण एक घर ती हसत काढतं आणि दुसऱ्या घराला मुलीचा कोर्स बदलावा लागतो. जोखीम पेलणं म्हणतात ते हे. धीर किती आहे, भाव पडल्यावर झोप लागते का, हे त्याच्यापुढे दुय्यम आहे.

एक सावधानता. इंडेक्स फंडही पडतो, आणि तो पडला तर तूट याच दोन लाखांतून भरायची आहे. म्हणून त्यात मी आठातले दोन हजारच सांगितले, आणि तेही तिची दहावी होईपर्यंत. बाकीचे सहा मुदतीच्या ठेवीसारख्या कंटाळवाण्या जागी.

आता कशात घ्यायचं याकडे येऊ, कारण तुमच्या घरात भागाकार वेगळा येऊ शकतो. ज्यांच्याकडे सोनं अजिबात नाही आणि दहा लाखांची तूट पेलण्याची ऐपत आहे, त्यांना जागा भरपूर आहे.

दागिन्यापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच गळतात. दहा ग्रॅमची बावीस कॅरेटची चेन घेतली असं समजा. दीड लाखाच्या भावाने तिच्यातल्या सोन्याची किंमत १,३७,४०० रुपये. घडणावळ बारा टक्के धरली तर १६,४८८. या बेरजेवर तीन टक्के जीएसटी. बिल होतं सुमारे १,५८,५००. तीच चेन दुसऱ्या दिवशी मोडायला नेली तर घडणावळ आणि जीएसटी परत येत नाहीत, आणि सराफ घट म्हणून साधारण दोन-तीन टक्के आणखी कापतो. हातात येतात १,३३,००० च्या आसपास. भाव एकोणीस टक्के वाढला की तुम्ही जिथून निघालात तिथे पोचता. नक्षीकामाच्या दागिन्यात घडणावळ वीस टक्क्यांवरही जाते, म्हणजे हे अंतर आणखी लांबतं. चेन गळ्यात घालायची असेल तर हा खर्च रास्तच आहे, पण तो फीच्या वहीत लिहायचा नसतो.

आणि ती बोरमाळ. तिच्या मण्यांच्या आत लाख भरलेली असते. बहिणीने ती एकदा कुतूहलाने वजन करून आणली होती, चोवीस ग्रॅम भरली होती, आणि ती मनातल्या मनात चोवीस ग्रॅमचे पैसे धरून बसली होती. लाख, दोरा आणि गोंडा वजा जाता आत किती सोनं आहे हे मणी फोडून गाळल्याशिवाय नक्की कळत नाही. जुन्या बोरमाळेत ते वजनाच्या बरंच खाली निघतं. शिवाय जुन्या दागिन्याची शुद्धता बावीस कॅरेटच असेल याची खात्री नाही. दुकानातल्या कॅरेट मीटरवर ठेवलं की मशीन वरच्या थराचं वाचतं. हे सगळं सोडा, आजीची बोरमाळ ती मोडणार नाही हे मला माहीत आहे आणि तिलाही. जे मोडायला हात धजणार नाही, ते फीच्या हिशेबात धरायचंच नाही.

वेढणी ही आपल्याकडची जुनी आणि समजूतदार सोय. नक्षी नाही, खडा नाही, लाख नाही. सोन्याची तार गुंडाळलेली. मजुरी एखादा टक्का, त्यावर जीएसटी तीन टक्के. दीड लाखाच्या दहा ग्रॅमला बिल १,५६,००० होतं आणि मोडताना दोन टक्के कापले तरी १,४७,००० येतात. भाव सहा टक्के वाढला की बरोबरी. पण एक विचारून घ्या: पुष्कळ दुकानांत "पूर्ण भावाने परत" याचा अर्थ पूर्ण भावाचा दुसरा दागिना, असा असतो. रोख किंवा बँकेत पैसे हवे असले की कापतात. कॉलेजला दागिना चालत नाही.

ईटीएफमध्ये सोनं फंड कंपनी घेऊन ठेवते आणि तुमच्या डीमॅट खात्यात युनिट येतात. घडणावळ नाही, खरेदीच्या वेळी जीएसटी नाही, शुद्धतेची चिंता नाही, आणि विकलं की दोनेक दिवसांत पैसे बँकेत. खर्च मात्र दरवर्षी चालूच असतो. वर्षाला अर्धा टक्का धरला तर नऊ वर्षांत साडेचार टक्क्यांच्या जवळ जातो. म्हणजे लांब पल्ल्याला ईटीएफ आणि वेढणी यांतलं अंतर लोक समजतात तेवढं नाही. वेढण्याचा खर्च दारातच लागतो, ईटीएफचा थेंब थेंब. वेढणी लॉकरमध्ये ठेवली तर लॉकरचं भाडं आलं. आणि आग, चोरी किंवा बँकेच्याच माणसाने केलेल्या अफरातफरीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरतीच असते. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. आत काय आहे ते बँकेला माहीतच नसतं.

ज्यांचं डीमॅट नाही त्यांच्यासाठी गोल्ड फंड आहे. तो फंड ईटीएफच घेतो, पाचशे-हजाराची एसआयपी करता येते, पण त्याचा खर्च ईटीएफच्या खर्चावर चढतो. मधल्या एजंटाशिवाय डायरेक्ट प्लॅन घेतला तर तो बराच कमी राहतो. महिन्याच्या छोट्या रकमेला मला हाच सगळ्यात सोयीचा वाटतो, कारण हजार रुपयांत वेढणी येत नाही.

सरकारी सुवर्ण रोखे या सगळ्यांत उत्तम होते: सोन्याचा भाव, वर अडीच टक्के व्याज, आठ वर्षांनी परत घेताना भांडवली नफ्यावर कर नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये पहिली मालिका ग्रॅमला २,६८४ रुपयांनी निघाली आणि आठ वर्षांनी ६,१३२ रुपयांनी परत घेतली. पण फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आलेली नाही. शेअर बाजारात जुने रोखे मिळतात, पण २०२६ च्या अर्थसंकल्पाने ती करमाफी मूळ विक्रीतच रोखे घेऊन मुदतीपर्यंत ठेवणाऱ्यांपुरती केली. त्यामुळे आता ते बाजारातून चढ्या किमतीला घेण्यात मला राम दिसत नाही. ज्यांच्याकडे आधीचे आहेत त्यांनी कागदावरची मुदतीची तारीख आणि मुलाचं बारावीचं वर्ष शेजारी शेजारी लिहून बघावं.

मोबाइलवरच्या ॲपमधलं डिजिटल सोनं मी टाळायला सांगतो. खरेदीवर तीन टक्के जीएसटी, घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात आणखी दोन-तीन टक्क्यांचा फरक, आणि वर ना सेबीचं नियंत्रण ना रिझर्व्ह बँकेचं. सेबीने नोव्हेंबर २०२५ मध्ये लोकांना तसं जाहीरपणे सावधही केलं.

सराफाच्या भिशीबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण सांगलीत दर तिसऱ्या घरात ती असते. अकरा हप्ते तुम्ही भरायचे, बारावा दुकानदाराचा. योजना अकरा महिन्यांचीच का? मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीला ३६५ दिवसांत मालात जिरवावी लागते, नाहीतर ती ठेव ठरते आणि ठेवीचे कडक नियम लागतात. म्हणून भिशीच्या शेवटी पैसे नाहीत, दागिना मिळतो, आणि बाराव्या हप्त्याचा फायदा बहुतेक वेळा घडणावळीत विरतो. मोठा धोका वेगळाच: दागिना हातात येईपर्यंत तुम्ही दुकानाचे विनातारण सावकार असता. २०१९ मध्ये ठाणे-डोंबिवली भागातल्या एका मोठ्या पेढीची दुकानं अचानक बंद झाली, तेव्हा भिशीवाल्या शेकडो घरांच्या हातात फक्त पासबुकं उरली. मंगळसूत्र घडवायला एक वर्षाची भिशी करावी, ज्याची त्याची मर्जी. नऊ वर्षांनंतरच्या फीसाठी एकामागून एक भिशा लावत जाणं म्हणजे दरवर्षी नव्याने घडणावळ भरणं.

राहिला मोडायचा प्रश्न, आणि खरी अडचण इथे येते. सोनं घ्यायला आपल्याकडे मुहूर्त आहेत. मोडायला एकही नाही. म्हणून तो आधीच लिहून ठेवावा लागतो.

आम्ही असं लिहिलं. फीचे चार हप्ते २०३५, ३६, ३७ आणि ३८ मध्ये. प्रत्येक हप्त्याचं सोनं त्याच्या तीन वर्षं आधी मोडून एफडीत टाकायचं. म्हणजे २०३२ पासून दरवर्षी पाच ग्रॅम. तीनच वर्षं का, तर २०१२ नंतरची घसरण साधारण तेवढा काळ चालली होती. भरून यायला आणखी लागला, त्यामुळे याने सगळा धोका जात नाही; पण चारही हप्ते एकाच वाईट वर्षात सापडत नाहीत. "आणि नेमका त्या वर्षी भाव चढता असला तर?" नवऱ्याने विचारलं. तरी पाच ग्रॅम. चढता असतानाच "अजून थोडं थांबू" म्हणणारे २०१२ मध्ये पुष्कळ होते.

उलट बाजूचीही एक खूण ठेवली. भाव २०३२ च्या आधीच एवढा वाढला की वीस ग्रॅमची किंमत सहा लाख सहासष्ट हजारांच्या वर गेली, म्हणजे दहा ग्रॅमचा भाव तीन लाख तेहतीस हजारांच्या वर गेला, तर वरचं तेवढं मोडायचं. कारण भाव वाढला तरी घराची पेलण्याची ताकद चार लाखच आहे. २०२४-२५ मध्ये ज्यांनी ठरवून एक तृतीयांश सोनं ठेवलं होतं, त्यांचं काहीही न करता अर्ध्याच्या घरात गेलं. दोन वर्षांपूर्वी जो धोका त्यांनी नको म्हटला असता, तो आज त्यांच्या डब्यात बसला आहे.

दरवर्षी थोडं मोडण्याचा कराच्या बाजूनेही फायदा आहे. घरातलं सोनं दोन वर्षांपेक्षा जास्त ठेवून विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो आणि वर उपकर. गोल्ड फंडाला हाच नियम, ईटीएफला दोनऐवजी एक वर्ष पुरतं. पण बहिणीचं स्वतःचं उत्पन्न शिवणकामाचं, वर्षाला लाखभर. नव्या कररचनेत चार लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही, आणि रहिवासी व्यक्तीला उरलेली मर्यादा या नफ्यासाठी वापरता येते. पाच ग्रॅमचा नफा त्यात सहज बसतो. वीस ग्रॅम एकाच वर्षी मोडले असते तर बसलाच असता असं नाही.

यात अट एकच, सोनं खरोखर तिचं हवं. माहेरहून आलेलं तिचंच. नवऱ्याने स्वतःच्या पैशाने घेऊन तिला दिलेल्या सोन्याचा नफा मात्र नवऱ्याच्या उत्पन्नात धरला जातो. आणि मुलगी अठरा वर्षांची होण्याआधी तिच्या नावावरचं विकलं तर आईबापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या.

मी पावत्या मागितल्या. चौदा ग्रॅम वेढण्यांपैकी आठ ग्रॅमच्या पावत्या डब्यातच होत्या, तिच्या नावाच्या, शिवणकामाच्या पैशातून घेतलेल्या. शाई पुसट होत चालली होती. तिने त्यांचे मोबाइलवर फोटो काढले. नाणी माहेरची, लग्नातली. उरलेल्या सहा ग्रॅमची पावती सापडेना, तेव्हा नवरा म्हणाला, ती मी दिवाळीच्या बोनसमधून घेतली होती. ती सहा ग्रॅम तिने वेगळ्या कागदात बांधली, वर बॉलपेनने त्याचं नाव आणि "२०३२" लिहिलं, आणि बोरमाळ डब्यातून काढून कपाटात ठेवायला आत गेली.